गाणी छान वाजतात, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही: शोकेसमधल्या साउंडबारचं दुखणं

ही तक्रार माझ्याकडे वर्षातून दोनदा येते. एकदा दिवाळीत नवा साउंडबार घेतला की आठ-पंधरा दिवसांनी, आणि दुसऱ्यांदा आखाजीच्या सुमारास. तेव्हा लेकी-जावई आलेले असतात, हॉल भरलेला असतो आणि खिडकीत कूलर घरघरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, तक्रार तीच राहते. गाणं लावलं की घर दणाणतं, पण मालिका किंवा सिनेमा लावला की माणसं काय बोलतात ते कळत नाही. आवाज वाढवावा तर मागचं संगीत अंगावर येतं, कमी करावा तर बोलणं बुडतं. शेवटी रिमोट हातातच ठेवून बसायचं.

बहुतेक जण यावर साउंडबार बदलतात. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ घरांत साउंडबारचा काहीच दोष नसतो, तो ठेवला चुकीच्या जागी असतो. नुसतं 'जागा बदला' म्हणून भागत नाही, कारण बदलायची कुठे आणि का, हे कळल्याशिवाय माणूस तो एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवतो. म्हणून अमळनेरचं एक घर पूर्ण सांगतो. आपल्याकडचे नवे हॉल बरेचसे असेच असतात, त्यामुळे तुमच्या घराची मापं यात घालून पाहता येतील.

आप्पा आणि जिजींचं भांडण

हॉल १६ फूट लांब, १० फूट रुंद, स्लॅबची उंची १० फूट. खाली टाइल्स, भिंतींना गुळगुळीत पुट्टी-पेंट, एका बाजूला मोठी काचेची सरकती खिडकी. लांब भिंतीच्या मधोमध सात फुटी शोकेस, त्यातल्या खोल कप्प्यात ४३ इंची टीव्ही. समोरच्या लांब भिंतीला टेकवलेला तीन जणांचा सोफा. सोफ्याच्या डाव्या अंगाला, बाजूच्या भिंतीपासून चार-साडेचार फुटांवर, जिजींची एकटी खुर्ची. साउंडबार टीव्हीखाली, त्याचा बिनतारी सबवूफर, म्हणजे जाड आवाज वाजवणारा वेगळा डबा, डाव्या कोपऱ्यात पडद्यामागे. दिसू नये म्हणून तिथे लपवलेला.

आप्पा सोफ्याच्या मधोमध बसतात. मला बघताच म्हणाले, "माणसं काय बोली राहिनात, काहीच समजत नही." खुर्चीवरून जिजी लगेच म्हणाल्या, "माले त समदं समजस." मग दोघांचं जुंपलं. जिजींचं म्हणणं, आप्पांचे कान गेले. आप्पांचं म्हणणं, जिजींना मालिका पाठच आहे, त्यांना ऐकू नाही आलं तरी कळतं.

मी आप्पांना जिजींच्या खुर्चीवर बसवलं आणि तोच प्रसंग तेवढ्याच आवाजात परत लावला. आप्पा गप्प झाले. तिथून बोलणं बरंच मोकळं ऐकू येत होतं. मग जिजींना सोफ्याच्या मध्ये बसवलं, तर त्या म्हणाल्या, इथे नुसतं घुम घुम होतंय. दोघंही खरं बोलत होते. सहा फुटांच्याही आत अंतर असलेल्या दोन जागांवर एकच साउंडबार दोन वेगळ्या तऱ्हेने ऐकू येत होता.

तुमच्या घरी तक्रार असेल तर पहिली परीक्षा हीच करा. तोच प्रसंग, तेवढाच आवाज, फक्त बसायची जागा बदला. चार-पाच फूट सरकल्यावर घुमणं स्पष्ट कमी-जास्त होत असेल, तर दुखणं यंत्रात नाही, खोलीत आणि सबवूफरच्या जागेत आहे. सगळीकडे सारखंच बुडालेलं ऐकू येत असेल, तर साउंडबारची बैठक किंवा टीव्हीची सेटिंग बघायची. आप्पांच्या घरी दोन्ही दुखणी होती. बहुतेक घरांत दोन्ही असतात.

सोळा फुटी हॉलमध्ये सत्तर हर्ट्झ

बैलांच्या हौदात पाणी अर्धं भरलेलं असताना एका कडेला हाताने लयीत हलवलं, तर ठरावीक वेगाला पाणी जोरात हिंदकळायला लागतं. कडेला वर-खाली उड्या मारतं, मध्येच काही जागी मात्र जवळजवळ स्थिर राहतं. हौद जेवढा लांब तसा तो वेग ठरलेला. खोलीत हवेचं हेच होतं. आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. म्हणजे ७० हर्ट्झचा, सेकंदाला सत्तर वेळा थरथरणारा, ढोलाच्या थापेसारखा जाड आवाज घेतला तर त्याची एक लाट साधारण १६ फूट लांब होते. आप्पांचा हॉल १६ फूट. लाट दोन बाजूच्या भिंतींच्या मध्ये बरोबर बसते आणि थांबायचं नाव घेत नाही.

अशी लाट बसली की ती दोन्ही भिंतींजवळ आणि हॉलच्या बरोबर मध्यावर सर्वांत जोरात ऐकू येते. भिंतीपासून पाव लांबीवर, म्हणजे ४ फुटांवर आणि १२ फुटांवर, ती जवळजवळ नाहीशी होते. आप्पा बसत होते मध्यावर, आठव्या फुटाला. जिजींची खुर्ची होती चौथ्या फुटाच्या आसपास. भांडणाचं मूळ एवढंच.

आता सबवूफर. ऐकणाऱ्याला जो नियम, तोच वाजवणाऱ्यालाही लागतो. सबवूफर भिंतीला किंवा कोपऱ्यात असला तर तो ही लाट पूर्ण जोराने हलवतो, पाव लांबीवर असला तर हलवूच शकत नाही. कोपऱ्यात लपवलेला सबवूफर म्हणजे हौदाच्या कडेला उभं राहून मारलेला हात. शिवाय कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी मिळून जाड आवाजाला आणखी फुगवतात. दुकानात 'काय बास आहे' असं वाटलेलं यंत्र घरी कोपऱ्यात ठेवल्यावर राक्षस होतं ते यामुळे.

पण बास जास्त झाला तर बोलणं का बुडावं? एक म्हणजे, जाड आवाज मोठा असला की त्याच्या वरचे बारीक आवाज कानाला झाकले जातात. उलट सहसा होत नाही. बोलण्यातला अर्थ कळतो तो स, श, त, क, फ यांसारख्या व्यंजनांवरून, आणि ती असतात वरच्या, बारीक पट्टीत. स्वर जाड पट्टीत असतात, ते ऐकू येतात, म्हणून माणूस बोलतोय एवढं समजतं, काय बोलतोय ते नाही. वय वाढलं की कान याच बारीक पट्टीत आधी मंदावतात, त्यामुळे घरात पहिली तक्रार आप्पांची येते आणि नातवाला काही फरक पडत नाही. दुसरं, बऱ्याच साउंडबारांमध्ये शंभर-दीडशे हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे जातं. पुरुषी आवाजाचा जाड भागही त्यातच येतो. सबवूफर दूर कोपऱ्यात असला तर नायक टीव्हीत बोलतो आणि त्याची छाती कोपऱ्यातून घुमते.

हे डोळ्यांनी नाही, कानांनी पक्कं करायचं. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, फोन ब्लूटूथने साउंडबारला जोडा आणि नेहमीच्या जागी बसून ४० पासून १२० हर्ट्झपर्यंत पाच-पाचने चढत जा. आवाज बेताचाच ठेवा; एकच सूर मोठ्याने बराच वेळ वाजवला तर लहान सबवूफरचं कॉइल तापतं. आप्पांच्या सोफ्यावर ५५ च्या आसपास थोडी फुगवटी आली आणि ७० ला खिडकीची काच बोलायला लागली. तोच सूर चालू ठेवून जिजींच्या खुर्चीकडे चालत गेलो तर तो वाटेत विरत गेला. फोनच्या मीटरचे आकडे इथे फार मनावर घेऊ नका. बऱ्याच फोनांचे माइक इतक्या खालच्या पट्टीत कमी ऐकतात. एकाच फोनने दोन जागांची तुलना करण्यापुरतेच ते कामाचे.

तुमच्या हॉलचा आकडा काढायचा तर ११३० ला हॉलच्या लांबीने, फुटांत, भागा. १४ फुटी हॉलला साधारण ८०, १८ फुटीला ६३. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हवा तापली की आवाजाचा वेगही वाढतो आणि हा आकडा दोन-तीन हर्ट्झ वर सरकतो, पण जागा ठरवायला त्याने काही फरक पडत नाही.

सबवूफर नेमका कुठे नेला

आप्पांच्या हॉलमध्ये सोळाचा पाव म्हणजे चार फूट. शोकेस साडेचार फुटांवर सुरू होत होती. म्हणजे शोकेसच्या डाव्या कडेला लागून, बाजूच्या भिंतीपासून सबवूफरचा मध्य बरोबर चार फुटांवर येईल अशी जागा आयती रिकामी होती. तिथे एक उंच फुलदाणी उभी होती. ती कोपऱ्यात गेली, सबवूफर तिच्या जागी आला. मागच्या भिंतीपासून चार-पाच इंच सोडले, कारण त्याचं हवेचं भोक मागे होतं. शोकेसच्या रंगाला मिळताजुळता काळा डबा शोकेसच्या अंगाला लागून उभा राहिला, तो शोकेसचाच भाग वाटायला लागला. पडद्यामागे फुगलेला दिसायचा त्यापेक्षा हे नीट दिसतं, असं जिजीच म्हणाल्या.

७० चा सूर परत वाजवला तर सोफ्याच्या मध्ये तो आता शेजारच्या सुरांच्या बरोबरीला आला होता. घरातलं कुणी काही न सांगता ओळखू शकेल एवढा फरक.

५५ च्या फुगवटीचं मात्र पूर्ण समाधान झालं नाही, आणि ते होणारही नव्हतं. हॉलची रुंदी १० आणि उंचीही १०. दोन्हीकडून एकच आकडा येतो, ११३० भागिले २०, म्हणजे साधारण ५६ हर्ट्झ. इथे अर्धी लाट दोन भिंतींच्या मध्ये बसते आणि अर्धी फरशी-स्लॅबच्या मध्ये, दोघी एकमेकींना साथ देतात. हिला टाळायचं तर सबवूफर किंवा सोफा हॉलच्या रुंदीच्या मध्यावर, म्हणजे वाटेच्या मध्यावर ठेवावा लागेल. तसं कोण करेल? सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढून पाहिला, फरक जेमतेम. त्यामुळे सबवूफरची पातळी रिमोटवरून तीन घरं खाली आणली आणि तिथेच सोडलं. घर बांधणारे कुणी वाचत असतील तर एवढं लक्षात ठेवा: हॉलची रुंदी आणि स्लॅबची उंची सारखी नसलेली बरी.

हे पाव लांबीचं गणित जमतं ते बसायची मुख्य जागा मध्यावर असेल आणि हॉल चौकोनी, बऱ्यापैकी बंद असेल तेव्हा. हॉलला लागून उघडं स्वयंपाकघर असेल, जिना असेल, एल आकार असेल, तर हा आकडा नुसता अंदाज. तिथे उलटी पद्धत वापरा. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता त्या जागी ठेवा, एखादं ढोलकी-बासचं गाणं लावा आणि स्वतः फरशीजवळ कान नेऊन भिंतीच्या कडेने फिरा. जिथे ठेका घुमण्याशिवाय सुटा-सुटा ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा. घरचे हसतात, हसू द्या.

शोकेसचा कप्पा आणि क्रोशाचा रुमाल

आता दुसरं दुखणं, साउंडबारची बैठक. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. साउंडबार कप्प्यातून काढा, शोकेससमोर एका प्लास्टिकच्या स्टुलावर किंवा दोन स्टुलांवर ठेवा आणि तोच प्रसंग तेवढ्याच आवाजात ऐका. बोलणं एकदम पुढे आलं तर कप्पा दोषी. काहीच फरक पडला नाही तर कप्प्याला उगाच दोष देऊ नका.

आप्पांचा कप्पा पंधरा इंच खोल. साउंडबार त्यात पार मागे, टीव्हीखाली भिंतीला टेकवलेला. त्याच्यापुढे दहा-अकरा इंच लाकडाची फळी, त्यावर पितळी समई, रिमोटची टोपली, एका लग्नाची भेट म्हणून आलेलं काचेचं हंसांचं जोडपं. आणि साउंडबारवर धूळ बसू नये म्हणून जिजींनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल, पुढच्या जाळीवर चार बोटं उतरलेला. कप्प्याच्या तीन बाजूंनी सनमायका. साउंडबारमधून निघालेला आवाज फळीवर, वरच्या फळीवर आणि बाजूंवर आपटून कणभर उशिरा मूळ आवाजात मिसळत होता. या उशिराच्या मिसळणीने काही पट्ट्या फुगतात, काही खोडल्या जातात आणि बोलणं माठात तोंड घालून बोलल्यासारखं होतं.

उपाय म्हणजे साउंडबार पुढे ओढायचा, एवढा की त्याचा चेहरा फळीच्या कडेच्या बरोबरीला किंवा बोटभर बाहेर येईल. समई बाजूच्या कप्प्यात, टोपली सोफ्याच्या हाताजवळ, हंस वरच्या काचेत. रुमालाची घडी घालून तो साउंडबारच्या खाली अंथरला; तो दिसतोही आणि फळीवर थरथरही होत नाही. जिजींशी वाद घालण्यापेक्षा हे बरं.

पुढे ओढताना दोन गोष्टी आडव्या येतात. टीव्हीच्या खालच्या कडेला रिमोटचा डोळा असतो, तो साउंडबारमागे गेला तर रिमोट चालेनासा होतो. सोफ्यावर बसून एकदा पाहा. झाकला जात असेल तर टीव्ही त्याच्या भिंतीच्या पट्टीवर इंच-दोन इंच वर घ्या. दुसरं, ज्या साउंडबारमध्ये वरच्या दिशेने किंवा बाजूंना वाजणारे स्पीकर आहेत, त्यांना कप्पा अजिबात चालत नाही. वरचे स्पीकर आवाज स्लॅबवर आपटवून खाली आणतात. डोक्यावर फळी आली की त्या पैशांचं पाणी. स्लॅब सपाट आणि साडेसात ते बारा फुटांच्या दरम्यान असेल तर ते नीट चालतात.

उरला उंचीचा प्रश्न. फळी फरशीपासून दीड फुटावर होती, म्हणजे साउंडबारची जाळी साधारण २० इंचांवर. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान ३९ इंचांच्या आसपास. बारीक आवाज सरळ रेषेत जातात, त्यामुळे व्यंजनं आप्पांच्या गुडघ्यांना ऐकू जात होती. साउंडबारपासून कानापर्यंतचं अंतर पावणेआठ फूट, म्हणजे ९३ इंच, आणि उंचीतला फरक १९ इंच. चार इंच खोलीचा साउंडबार तेवढा वर बघायला हवा असेल तर पुढची कड पाऊण इंच उचलावी लागते. हार्डवेअरच्या दुकानात खुर्चीच्या पायांना लावायची रबरी बुटं मिळतात, त्यातली दोन पुढच्या कडेखाली दुतोंडी टेपने चिकटवली. हे करताना साउंडबारच्या पाठीमागची भोकं बंद होत नाहीत ना आणि तो मागे घसरत नाही ना, ते बघा. वरच्या दिशेचे स्पीकर असलेला साउंडबार मात्र असा तिरका करू नका, त्याचा स्लॅबवरचा नेम चुकतो.

टाळी वाजवून बघा

हॉलच्या मध्ये उभं राहून एक कडक टाळी वाजवा. आप्पांच्या हॉलमध्ये टाळीमागे 'टर्रर्र' असं धातूसारखं शेपूट यायचं. समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा मागे-पुढे होतो, त्याचं ते शेपूट. बोलण्यातल्या प्रत्येक व्यंजनाला तसंच शेपूट लागतं आणि पुढचं अक्षर त्यात अडकतं.

आप्पांच्या गावाकडच्या जुन्या धाब्याच्या घरात हा प्रश्न कधी आला नसता. जाड मातीच्या खडबडीत भिंती, लाकडी सरे, कोनाडे, खाली सारवलेली जमीन. आवाज कुठेच गुळगुळीत आपटत नाही. तिथे एक साधा रेडिओ ओसरीवर ठेवला तरी बातम्या आतल्या घरात कळायच्या. टाइल्स, काच आणि पुट्टी आली तसा आवाज घरात राहायला लागला.

लगेच गालिचा विकत आणायला जाऊ नका. आधी घरातल्या दोन गोधड्या काढा. एक सोफा आणि टीव्हीच्या मध्ये फरशीवर अंथरा, दुसरी काचेच्या खिडकीवर पडद्याच्या दांडीवरून लटकवा. परत टाळी वाजवा, परत तोच प्रसंग ऐका. आप्पांच्याकडे गोधडीने टाळीचं शेपूट निम्म्याहून कमी झालं. मग त्यांनी पाच बाय सात फुटांची जाड सतरंजी घेतली आणि खिडकीला अस्तर लावलेला, भरपूर चुण्यांचा पडदा. पातळ नायलॉनचा पडदा दिसायला पडदा असतो, आवाजाला तो नसल्यासारखाच. एक मर्यादा लक्षात घ्या: सतरंजी, पडदे, सोफ्याच्या गाद्या हे सगळं बारीक आणि मधल्या आवाजापुरतं. सत्तर हर्ट्झच्या घुमण्याला त्याने काहीही होत नाही. त्याला जागाच बदलावी लागते.

कूलरचं थोडक्यात. खिडकीतला कूलर फुल स्पीडवर असताना आप्पांच्या डोक्याजवळ फोनवर ६२ डेसिबल दाखवत होता आणि बोलण्याचे प्रसंग ६४-६५. दोन-तीन डेसिबलच्या फरकात व्यंजनं तग धरत नाहीत. मधल्या स्पीडवर तोच आकडा ५५ झाला. आवाज वाढवण्यापेक्षा रात्रीच्या सिनेमापुरता कूलर एक घर खाली आणणं सोपं. आणि कूलरचं तोंड सोफ्यावर न धरता जिजींच्या खुर्चीकडे वळवलं. थंडीत, कूलर बंद असतानाही तक्रार तशीच असेल तर मात्र कूलरला बोल लावू नका.

सेटिंगमध्ये फक्त दोन जागा

टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत जाऊन टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद आहेत का ते पाहा. आप्पांच्या टीव्हीवर दोन्ही चालू होते, त्यामुळे प्रत्येक शब्द जुळ्यासारखा दोनदा यायचा. साउंडबार HDMI ARC लिहिलेल्या खाचेतूनच जोडा, म्हणजे एकाच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो आणि टोपलीतला एक रिमोट कमी होतो. त्यानंतरही ओटीटीवरचे सिनेमेच तेवढे बुडत असतील आणि साउंडबार साधा, दोन चॅनेल अधिक सबवूफरचा असेल, तर टीव्हीतलं डिजिटल ऑडिओ आउटपुट PCM वर टाकून पाहा. कधी कधी सहा वाटांचा आवाज दोन वाटांत उतरवण्याचं काम टीव्ही जास्त नीट करतो. साउंडबारवर 'सराउंड' किंवा 'मूव्ही' मोड लावून बातम्या ऐकू नका, बाकी काय.

दोन सुटे स्पीकर असतील तर

काही घरांत साउंडबारऐवजी जुन्या होम थिएटरचे सुटे स्पीकर असतात आणि ते शोकेसच्या माथ्यावर, स्लॅबला टेकवून ठेवलेले असतात, कारण खाली मुलं हात लावतात. तिथून बारीक आवाज डोक्यावरून निघून जातो. दोन्ही स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, बसल्यावर कानाच्या उंचीला आणा. दोघांमधलं अंतर तुमच्यापासून एकेका स्पीकरच्या अंतराएवढं किंवा थोडं कमी ठेवा. आप्पांसारख्या हॉलमध्ये सहा-सात फूट. तोंडं सोफ्याच्या मध्याकडे किंचित वळवा. एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा उघड्या दारापाशी असं झालं की कोपऱ्यातला जाड वाजतो आणि बोलणारी माणसं त्याच बाजूला सरकल्यासारखी वाटतात. तसं असेल तर शोकेससकट सगळं फूटभर कोपऱ्यापासून दूर सरकवावं, नाहीतर सरळ साउंडबार घ्यावा.

मागच्या स्पीकरांबद्दल माझं मत विचाराल तर दहा फुटी रुंदीत, सोफा भिंतीला टेकलेला असताना, ते घेऊ नका. 'वायरलेस' म्हणून विकतात, पण बहुतेकांना विजेची वायर लागतेच, आणि सोफ्यामागे बोर्ड नसतो. मग भिंतीवरून वायरी लोंबतात.

वायरींचं म्हणाल तर आप्पांच्याकडे शेवटी तीनच उरल्या. साउंडबारची वीज, साउंडबार ते टीव्ही, आणि सबवूफरची वीज. पहिल्या दोन शोकेसच्या पाठीला वायर जायचं गोल भोक पाडून आत घेतल्या. सबवूफरची शोकेसच्या कडेने केसिंग पट्टीत खाली उतरवली, पट्टी शोकेसच्या रंगाची. उरलेली लांब वायर गुंडाळी करून सबवूफरमागे टाकू नका. ती डब्याला लागून थरथरते. ती शोकेसच्या आतच बांधून ठेवा.

सगळं झाल्यावर आप्पांनी परत तोच प्रसंग लावला आणि आवाज आधीपेक्षा चार घरं खाली ठेवूनही माणसं काय बोलतात ते कळलं. फक्त मध्येच एक बारीक किणकिण यायला लागली, जी आधीच्या घुमण्यात कधी ऐकूच आली नव्हती. टोन ॲप परत सुरू केलं, ८५ च्या आसपास ती पकडली आणि शोकेसच्या एकेका काचेवर हात ठेवत गेलो. काचा नव्हत्या. वरच्या कप्प्यातले ते काचेचे हंस एकमेकांना चोच लावून बसले होते. जिजींनी त्यांना बोटभर दूर केलं.